बोल्हाईची ओळ कार्डावर कुठे छापायची?

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालं की वाघोली आणि लोणीकंद मागे पडतं, पेरणे फाट्याजवळ विजयस्तंभ दिसतो, भीमेवरचा पूल ओलांडला की कोरेगाव भीमा येतं. पुढे लगेच सणसवाडीचे कारखाने. या पट्ट्यातल्या हॉटेलांच्या पाट्या ओळीने वाचत गेलं तर चार-पाच शब्द सतत डोळ्यांवर आदळतात: चुलीवरचं, गावरान, घरगुती, अस्सल, स्पेशल. त्यातच अधूनमधून एक पाटी वेगळी असते: ‘बोल्हाईचे मटण मिळेल’.

पहिल्या पाच शब्दांतून गिऱ्हाइकाला काहीही कळत नाही. सहाव्या पाटीवरून मात्र इथल्या माणसाला नेमकं कळतं की ताटात बोकड नाही, मेंढी आहे. हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईची देवी बोल्हाई. तिचे भक्त बोकडाचं मटण खात नाहीत, मेंढीचं खातात. वाडेबोल्हाई इथून जवळच आहे, त्यामुळे पुणे, हवेली, शिरूर, दौंड या भागात ‘बोल्हाईचं’ एवढं म्हटलं की पुढे सांगावं लागत नाही. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला मात्र तो एखादा मसाला वाटू शकतो.

पदार्थाचं वर्णन आणि कार्डावरची त्याची जागा यांचा विक्रीवर किती परिणाम होतो, हे समजून घ्यायला मला ही एक ओळ फार उपयोगी वाटते. या ओळीत माहिती आहे, परंपरा आहे, भूक चाळवायची ताकद आहे आणि खोटं बोलायची सोयही आहे.

पण वर्णनाआधी हिशेब. कोणता पदार्थ खपवायचा हेच ठाऊक नसेल तर शब्द कितीही चांगले असून काय उपयोग? बहुतेक हॉटेलांत हे ठरवलेलंच नसतं. कार्ड छापणाऱ्याकडे एक तयार साचा असतो. सूप, स्टार्टर, पनीर, चायनीज, तंदूर, हंडी, राईस या क्रमाने बारा-चौदा पानं, आणि मालक फक्त नाव, फोन नंबर आणि दर बदलून घेतो. चिकन हंडीचा फोटोही शेजारच्या हॉटेलातलाच असतो.

पदार्थांचा हिशेब मांडायची एक पद्धत मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी 1982 मध्ये पुस्तकरूपाने दिली. जगभरच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गांत ती आजही शिकवतात. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे: तो किती खपतो, आणि एका ताटामागे गल्ल्यात किती रुपये उरतात? उरतात म्हणजे विक्रीच्या दरातून कच्च्या मालाचा खर्च वजा जाता. भाडं, पगार, वीज यांचा विचार इथे नाही, कारण गिऱ्हाइकाने चिकन घेतलं काय किंवा मटण, भाडं तेवढंच राहतं.

आपण एक कल्पित हॉटेल घेऊ. कोरेगाव भीमात हायवेला लागून, चाळीस खुर्च्यांचं. आकडे उदाहरणापुरते आहेत, बाजारभाव रोज बदलतो. मांसाहारी थाळ्या सहा, महिन्याची एकूण विक्री 2000 ताटं. चिकन थाळी 240 रुपयांची, तिचा माल 105 रुपयांचा, म्हणजे उरतात 135, आणि ती खपते 900. बोकडाच्या मटणाची थाळी 380 ची, माल 230 चा, उरतात 150, खप 500. बोल्हाईची थाळी 400 ची, माल 225 चा, उरतात 175, पण खप फक्त 160. अंडा थाळी 160 ची, उरतात 100, खप 240. गावरान कोंबडीत 160 उरतात आणि मच्छी थाळीत 110. या दोन्ही महिन्याला शंभर-शंभर जातात.

आता खपाची रेघ आखायची. सहा पदार्थ सारखे खपले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला सहावा हिस्सा, म्हणजे साधारण 333 ताटं आली असती. कासावाना-स्मिथ म्हणतात, या वाट्याच्या 70 टक्के गाठले तरी पदार्थ लोकप्रिय समजा. म्हणजे रेघ 233 वर. दुसरी रेघ पैशाची. सगळ्या ताटांतून महिन्याला उरले 2,75,500 रुपये, त्याला 2000 ने भागलं की सरासरी ताटामागे सुमारे 138.

दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या की चार घरं होतात. बोकडाची थाळी खपतेही आणि पैसेही देते. त्या दोघांनी अशा पदार्थाला तारा म्हटलं. चिकन थाळी भरपूर खपते, पण सरासरीपेक्षा थोडं कमी देते. तो नांगराचा घोडा, आपण बैल म्हणू. अंडा थाळी खपाची रेघ जेमतेम ओलांडते, तीही याच गोठ्यात. मच्छी थाळी दोन्हीकडून कमी. समुद्रापासून इतक्या लांब ती कार्डावर का आहे, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारावा. आणि बोल्हाईची थाळी? एका ताटामागे सगळ्यांत जास्त पैसे देणारी, पण मागणारे थोडे. अशा पदार्थाला त्यांनी कोडं म्हटलं. गावरान कोंबडीही कोडंच.

इथे बरेच मालक फसतात, कारण ते टक्केवारीत विचार करतात. बोल्हाईच्या थाळीत दराच्या 56 टक्के मालात जातात, अंडा थाळीत साडेसदतीसच. टक्क्यांनी पाहिलं तर अंडा थाळी गुणी आणि बोल्हाई खर्चिक. पण बँकेत टक्के भरता येत नाहीत. एक ताट अंड्याचं गेलं तर शंभर रुपये, बोल्हाईचं गेलं तर पावणेदोनशे. महिन्याला चिकन खाणाऱ्या 900 जणांपैकी शंभर जण बोल्हाईकडे वळले तर गल्ल्यात 4000 रुपये जास्त येतात. बोकड खाणारे शंभर वळले तर 2500. रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण त्यासाठी नवी भट्टी लागत नाही की नवा माणूस. एक ओळ नीट लिहावी लागते आणि योग्य जागी ठेवावी लागते.

आपल्याकडे या हिशेबात एक भर घालावी लागते, जी अमेरिकेतल्या पुस्तकात सापडणार नाही. ती म्हणजे वार. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत वर्ज्य. चतुर्थीला रांजणगावच्या महागणपतीला जाणारी माणसं याच रस्त्याने जातात आणि ती शाकाहारी पान उघडतात. श्रावणात थाळ्यांचं गणितच उलटतं. 1 जानेवारीला पेरण्याला लाखोंची गर्दी होते. त्या दिवसाचा खप महिन्याच्या सरासरीत मिसळला तर सरासरी निरुपयोगी होते. म्हणून ताटांचा हिशेब वारनिहाय मांडावा आणि असे दिवस बाजूला काढावेत. रविवारी सकाळी पुण्याहून आलेलं कुटुंब आणि मंगळवारी दुपारी सणसवाडीतल्या कारखान्याची पाळी सुटल्यावर आलेला कामगार हे एकाच कार्डाचे दोन वेगळे वाचक असतात. दुसऱ्याला 400 रुपयांच्या थाळीचं वर्णन कितीही सुंदर लिहून दिलं तरी तो चिकनच मागवणार, आणि त्याचं बरोबर आहे.

आता शब्द. या विषयावर बोलणारे सल्लागार हमखास एक आकडा सांगतात: वर्णनात्मक नाव दिलं की विक्री 27 टक्के वाढते. हा आकडा पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेलेल्या ब्रायन वॉनसिंक यांच्या 2001 च्या अभ्यासातून आला. 2018 मध्ये कॉर्नेलच्याच चौकशीत वॉनसिंक यांचं संशोधनातलं गैरवर्तन सिद्ध झालं. त्यांचे अनेक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले आणि त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं. तेव्हा 27 टक्क्यांची खात्री कुणी देऊ लागलं तर ती तिथेच सोडून द्यावी.

याचा अर्थ शब्दांना ताकद नाही असा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात 2016 मध्ये ब्रॅडली टर्नवॉल्ड, ॲलिया क्रम आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एकच भाजी, एकाच पद्धतीने शिजवलेली, पण पाटी रोज वेगळी. कधी नुसतं ‘गाजर’, कधी साखर नसल्याचं सांगणारी आरोग्याची पाटी, कधी चव आणि मसाला डोळ्यांसमोर उभा करणारं नाव. चवीची पाटी असलेल्या दिवशी ती भाजी घेणारे नुसत्या नावाच्या दिवसापेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होते, आणि ‘अमुक कमी, तमुक कमी’ सांगणाऱ्या पाटीपेक्षा 41 टक्क्यांनी जास्त. म्हणजे आपल्या भाजी-भाकरीच्या पानावर ‘कमी तेलातली, पौष्टिक’ लिहिणारा मालक चांगलं काम करतो आहे असं समजून स्वतःची विक्री पाडत असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरा अभ्यास मला जास्त मजेशीर वाटतो. स्टॅनफर्डचेच भाषाशास्त्रज्ञ डॅन ज्युराफ्स्की यांनी सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतली साडेसहा हजार मेनूकार्डं संगणकावर तपासली आणि 2014 च्या पुस्तकात त्यांबद्दल लिहिलं. ‘स्वादिष्ट’, ‘चविष्ट’ अशा अर्थाचे पोकळ शब्द जिथे होते तिथले पदार्थ स्वस्त होते. महाग हॉटेलं असे शब्द वापरत नाहीत, माल कुठला हे सांगतात. यातून शब्द काढला की दर वाढवता येतो असं सिद्ध होत नाही. फक्त एवढं कळतं की सांगण्यासारखं नेमकं काही नसलं की माणूस ‘चविष्ट’ लिहितो. हायवेवरच्या ‘स्पेशल’चंही तेच. ज्या कार्डावर स्पेशल चिकन, स्पेशल मटण, स्पेशल थाळी आणि स्पेशल चहा आहे, तिथे साधं काय मिळतं?

बोल्हाईच्या थाळीची आपल्या कल्पित कार्डावरची आजची ओळ अशी आहे: ‘स्पेशल बोल्हाई मटण थाळी (अस्सल गावरान चव)’. पुण्याहून आलेल्या ज्या माणसाला बोल्हाई ठाऊक नाही त्याला यातून काही कळत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला कंसातली भर नको असते. दोघांसाठी मिळून मी ती अशी लिहीन:

‘बोल्हाई मटण थाळी. मेंढीचं मटण, वेगळ्या पातेल्यात शिजवलेलं. काळ्या मसाल्याचा रस्सा, अळणी सूप, बाजरीच्या दोन गरम भाकरी, इंद्रायणी भात, कांदा-लिंबू. 400’

या ओळीत स्तुतीचा एकही शब्द नाही. आधी मांस कोणतं ते येतं, कारण मटण खाणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. मग कसं शिजवलं. मग ताटात आणखी काय, आणि तेही खाण्याच्या क्रमाने. तोंडाला पाणी ‘अळणी सूप’ आणि ‘गरम भाकरी’ वाचून सुटतं, ‘अप्रतिम’ वाचून नाही. ‘गरम’ हा एकच विशेषणवजा शब्द मी ठेवला, आणि तोही भाकरी खरोखर तव्यावरून ताटात येत असेल तरच. दुपारी बारा वाजता थापून फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या चार वाजता द्यायच्या असतील तर तो काढून टाकावा.

असं वर्णन प्रत्येक पदार्थाला दिलं तर मात्र सगळं फुकट. सहा थाळ्यांपैकी दोघींनाच तीन ओळी द्याव्यात, इथे बोल्हाई आणि बोकड. चिकन थाळीला एक ओळ पुरते, ती तशीही खपते. अंडा थाळीला नाव आणि दर. सगळ्याच ओळी लांब झाल्या की माणूस वाचणं सोडतो आणि वेटरला विचारतो, ‘काय चांगलं आहे?’

जागेबद्दलही सल्लागारांची एक आवडती गोष्ट असते: उघडलेल्या कार्डावर नजर आधी मध्यभागी, मग उजवीकडे वर जाते, म्हणून फायद्याचा पदार्थ तिथे ठेवा. सिबिल यांग यांनी 2012 मध्ये वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली उपकरणाने टिपल्या, तेव्हा असा जादूचा कोपरा सापडला नाही. माणसं कार्ड साधारण पुस्तकासारखंच वाचत होती, वरून खाली, पानामागून पान. जास्त उपयोगाचा निष्कर्ष तेल अवीवमधल्या एका कॉफीच्या दुकानातून आला. एरान दायान आणि माया बार-हिल्लेल यांनी 2011 मध्ये दाखवलं की यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवलेला पदार्थ मधल्या जागेपेक्षा जास्त मागवला जातो, काही वेळा दुपटीपर्यंत. म्हणून थाळ्यांच्या यादीत बोल्हाई पहिली, बोकड शेवटची, आणि चिकन मध्ये. चिकनवाला शोधून काढतोच.

बहुतेक कार्डांवर आज याच्या उलट असतं. यादी स्वस्ताकडून महागाकडे चढत जाते: अंडा, चिकन, मच्छी, मटण. त्यात दर उजव्या कडेला एकाखाली एक, ठिपक्यांच्या रांगेने जोडलेले. अशा यादीत डोळा नावं सोडून आकड्यांच्या रांगेवरून खाली उतरतो आणि परवडेल त्या आकड्यावर थांबतो. दर वर्णनाच्या शेवटी, त्याच अक्षरात लिहिला तर आधी पदार्थ वाचला जातो. रुपयाचं चिन्ह आणि पुढची ‘/-’ काढावी का? यांग यांच्याच 2009 च्या अभ्यासात, न्यूयॉर्क राज्यातल्या पाकशाळेच्या एका रेस्टॉरंटमध्ये, नुसता आकडा असलेल्या कार्डाच्या गिऱ्हाइकांनी डॉलरचं चिन्ह असलेल्यांपेक्षा जास्त खर्च केला. एका रेस्टॉरंटमधल्या दुपारच्या जेवणाचा हा निष्कर्ष आहे, एवढं लक्षात ठेवावं. चिन्ह काढायला हरकत नाही. पण दर बारीक करू नये किंवा लपवू नये. हायवेवरचं गिऱ्हाईक बऱ्याचदा नवखं असतं, त्याला आधीच लुटलं जाण्याची धास्ती असते. दर सापडला नाही तर ते स्वस्तातलं मागवून उठतं.

शिवाय या पट्ट्यात बरीच विक्री कार्डावरून होतच नाही. माणूस खुर्चीत टेकला की विचारतो, ‘काय काय आहे?’ आणि वेटर एका दमात म्हणतो, ‘चिकन, मटण, अंडा, व्हेज.’ बोल्हाई त्या दमात येतच नाही. तोंडी यादीत शेवटी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं, हे मानसशास्त्राला जुनं ठाऊक आहे. म्हणून वेटरची यादीही लिहून त्याच्याकडून घोटून घ्यावी: ‘चिकन आहे, बोकडाचं मटण आहे, आणि बोल्हाईचं आहे, मेंढीचं.’ नव्या कार्डाच्या छपाईवर हजारो रुपये घालवून हे एक वाक्य वेटरला न शिकवणं हा मला या धंद्यातला सगळ्यांत मोठा अपव्यय वाटतो.

बदल केल्यावर तो लागू पडला हे कसं ओळखायचं? कल्पित हॉटेलात बोल्हाईच्या आठवड्याला साधारण 37 थाळ्या जातात. पहिल्या आठवड्यात 43 गेल्या तर मालक पेढे वाटेल, पण एवढा चढउतार काही न करताही होतो. एखादी बारा जणांची पंगत आली की झालं. पूर्ण महिना थांबून, वाराशी वार ताडून, 160 च्या जागी 200 च्या आसपास किंवा पुढे गेल्या तरच ओळीचा परिणाम म्हणावा. त्या काळात दर बदलायचा नाही, फोटो लावायचा नाही, श्रावण किंवा मार्गशीर्ष मध्ये येऊ द्यायचा नाही. एका वेळी एकच बदल. आणि एक आकडा कार्डावर नव्हे, भांडी घासायच्या मोरीजवळ मिळतो: ताटात मटण उरतं का? खप वाढला आणि उष्टंही वाढलं, तर ओळीने माणूस आणला, पण ताटाने निराश केला. हायवेवर असा माणूस तक्रार करत नाही. तो पुढच्या वेळी गाडी थांबवत नाही.

शेवटचा मुद्दा पातेल्याचा, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर. अनेक स्वयंपाकघरांत मटणाच्या रश्श्याचं वाटण एकच, पातेलं एकच, पळी एकच. बोकडाच्या रश्श्यात मेंढीचे तुकडे टाकले की झाली बोल्हाईची थाळी. चवीने ओळखणारे थोडे. पण जो माणूस देवीखातर बोकड खात नाही त्याच्या दृष्टीने ही चवीची गोष्ट नाहीच. त्याने त्या शब्दावर विश्वास ठेवून घास घेतलेला असतो. ‘चुलीवरचं’ लिहून गॅसवर शिजवणं ही लबाडी, पण तीत गिऱ्हाइकाचे फार तर पैसे जातात. इथे त्याचं व्रत जातं.

कायद्याची बाजूही आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या नियमांनी ‘नैसर्गिक’, ‘ताजं’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ अशा अर्थाच्या शब्दांना अटी घातल्या आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दुसरीकडची ज्वारी दळून ‘मंगळवेढ्याची भाकरी’ छापणं ही कायद्याने गुन्हा ठरू शकणारी गोष्ट आहे. ‘बोल्हाई’ला असं संरक्षण नाही. ती ओळ मालकाच्या शब्दावरच उभी आहे.

म्हणून कार्ड छापायला टाकण्यापूर्वी दुसरं पातेलं आणि दुसरी पळी विकत आणावी, आणि मेंढीचं मटण आठवड्यातल्या कोणत्या वारी खात्रीने मिळेल ते खाटकाशी बोलून पक्कं करावं. फक्त बुधवारी आणि रविवारीच मिळत असेल तर ‘बुधवार व रविवार’ असं त्या ओळीत लिहावं. आणि पातेलं वेगळं ठेवणं जमणारच नसेल, तर ताटामागे पावणेदोनशे रुपये सुटत असले तरी ती ओळ छापू नये.